सनदेचा फोटो दिसत नाही, पण प्रश्न चार आहेत: सनावळी, बिघे, शिक्का आणि लॅमिनेशन

मेघना_वाई

नमस्कार. आमच्या घराण्यात एक जुना मोडी कागद आहे. तो सध्या गावी काकांकडे असून त्याचे वाचन माझ्या आजोबांनी साधारण १९७० च्या सुमारास एका वहीत बाळबोधीत उतरवून ठेवले आहे. वही माझ्याकडे आहे. कागदाचा फोटो सोबत जोडला आहे. गावाचे आणि घराण्याचे नाव मी मुद्दाम गाळले आहे, बाकी वहीतला मजकूर असा:

“श्री. मोकदम मौजे … यांसी. सु॥ खमस सबैन मया व अलफ. … यांस मौजे मजकुरी इनाम जमीन बिघे १२॥, थळ वडाचे ७॥, थळ ओढ्याचे ५, कैलासवासी रावसाहेब यांचे वेळेचे सनदेप्रमाणे चालत आली आहे, त्याप्रमाणे चालवणे. प्रतिवर्षी नवीन पत्राचा आक्षेप न करणे. या पत्राची प्रत लिहून घेऊन हे पत्र मशारनिल्हे यांजवळ भोगवटियास परतोन देणे. जाणिजे. छ ९ मोहरम. मोर्तब सुद.”

मला पुढील गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा कागद कोणत्या इसवी सनातला आहे? साडेबारा बिघे म्हणजे नेमके काय, आणि मी ते बरोबर वाचले आहे का? वरच्या बाजूला जो गोल शिक्का आहे तो पेशव्यांचा आहे का आणि हा कागद अस्सल आहे का? शेवटचे म्हणजे, कागद घड्यांवर फाटू लागल्यामुळे काका या आठवड्यात त्याला लॅमिनेशन करून घेणार आहेत, ते चालेल ना?

जुने_दप्तर

मेघनाताई, आपण जोडलेला फोटो येथे दिसत नाही, केवळ रिकामी चौकट दिसते. तरीही आपले सर्व प्रश्न फोटोवर अडलेले नाहीत. जे वहीतल्या मजकुरावरून सांगता येते ते आज सांगतो. ज्यासाठी कागद डोळ्यांनी पाहणे भाग आहे ते वेगळे काढून ठेवतो, म्हणजे माझ्या उत्तरातला कोणता भाग पक्का धरायचा याबद्दल आपल्या मनात घोटाळा होणार नाही.

आपला शेवटचा प्रश्न मी पहिला घेतो, कारण त्याचे उत्तर फोटोची वाट पाहू शकत नाही आणि त्याला फोटोची गरजही नाही. कृपा करून काकांना आजच फोन करा आणि लॅमिनेशन थांबवा. लॅमिनेशनमध्ये प्लास्टिकचा थर उष्णतेने वितळवून कागदावर चिकटवतात, आणि तो पुन्हा काढायचा म्हटले तर कागदाचा पृष्ठभाग आणि शाई त्याच्याबरोबर निघून येते. हातकागद शतकानुशतके टिकतो. त्याला मारतात ती वाळवी, ओल आणि आपण केलेली दुरुस्ती. घडीवर फाटले असेल तर चिकटपट्टीही लावू नये, कारण तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो. सध्या काकांनी एवढेच करावे की कागद ज्या घडीत आहे त्याच घडीत, स्वच्छ धुतलेल्या आणि खळ काढलेल्या सुती कापडात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावा. घड्या जोर लावून उलगडू नयेत आणि इस्त्री तर मुळीच फिरवू नये.

बाकीच्या प्रश्नांवर आज रात्री सवडीने लिहितो.

अनिकेत_भोर

सनाचा प्रश्न सोपा आहे, तो मी सोडवतो. ही अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेली सनावळी आहे आणि ती एककाकडून वाचायची असते. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार, म्हणून हा शुहूर सन ११७५ झाला. शुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन मिळतो. ११७५ अधिक ५९९ म्हणजे १७७४. त्यामुळे आपला कागद १७७४ चा आहे, आणि सवाई माधवरावांचा जन्म एप्रिल १७७४ मधला असल्याने शिक्का त्यांच्याच नावाचा असणार, हे उघड आहे.

कृष्णाकाठ

मला वाटते येथे काही गल्लत होत आहे. मोहरम हा हिजरी महिना आहे, त्यामुळे सनसुद्धा हिजरीच असला पाहिजे. हिजरी ११७५ म्हणजे इसवी सन १७६१-६२, म्हणजे पानिपतानंतर लगेचचा काळ. एकाच कागदात महिना एका कालगणनेचा आणि वर्ष दुसऱ्या कालगणनेचे असे कोण लिहील?

जुने_दप्तर

कृष्णाकाठताईंची शंका अगदी स्वाभाविक आहे, परंतु मराठी दप्तरात नेमके असेच लिहीत असत. वर्ष शुहूरचे, म्हणजे सौर, आणि ते मृगाच्या आरंभी, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास, सुरू होणारे. शेतीचे आणि वसुलाचे वर्ष त्याच्याशी जुळते, म्हणूनच त्याला मृगसाल असेही म्हणतात. महिना आणि तारीख मात्र चांद्र. ‘छ’ हे चंद्र या शब्दाचे संक्षिप्त रूप आहे, आणि ‘छ ९ मोहरम’ म्हणजे मोहरमचा नववा चंद्र. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हे महिने शुहूर वर्षात सरकत राहतात. एखाद्या शुहूर वर्षात मोहरम आरंभी येईल, दुसऱ्यात अखेरीस. पारख करायची असेल तर पानिपत घ्यावे. ती लढाई १४ जानेवारी १७६१ ची, आणि त्या वर्षाच्या कागदांवर ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे ११६१, असा शुहूर सन येतो. ११६१ हे हिजरी समजून मोजले तर १७४८ येईल, आणि ते उघडच चूक आहे.

याच उदाहरणावरून अनिकेतरावांच्या उत्तरातली अर्धी बाजूही दिसून येते. ११६१ मध्ये ५९९ मिळवले तर १७६० येते, पण लढाई तर १७६१ ची. कारण ५९९ हा आकडा मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच चालतो, आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. म्हणून नुसत्या सनावरून इसवी सन सांगता येत नाही, आधी महिना कोठे पडतो ते पाहावे लागते.

आता आपला कागद घेऊ. शुहूर ११७५ हे वर्ष जून १७७४ च्या आरंभापासून जून १७७५ च्या आरंभापर्यंत चालते. या मुदतीत मोहरम कधी आला? हिजरी ११८८ हे वर्ष मार्च १७७४ च्या मध्यावर सुरू झाले, पण तेव्हा शुहूर ११७५ लागलेच नव्हते, म्हणून तो मोहरम आपल्या कामाचा नाही. त्यापुढचा मोहरम हिजरी ११८९ चा, आणि तो गणिताने ४ मार्च १७७५ ला सुरू होतो. त्याचा नववा चंद्र म्हणजे १२ मार्च १७७५. मोहरम जानेवारी ते मृग या टप्प्यात पडत असल्यामुळे येथे ६०० मिळवायचे. चंद्रदर्शन प्रत्यक्ष होण्यावर महिना सुरू होत असल्यामुळे एखाद्या दिवसाचा फरक राहू शकतो, म्हणून मी ‘१२ मार्च १७७५ च्या आसपास’ असे लिहीन. हा निष्कर्ष ‘खमस’ आणि ‘सबैन’ हे दोन शब्द वहीत बरोबर उतरले आहेत या एका अटीवर उभा आहे, आणि ती अट मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

शिक्क्याबद्दल मात्र अनिकेतरावांशी मी सहमत नाही. मार्च १७७५ मध्ये पेशवेपद सवाई माधवरावांकडे होते आणि कारभार बारभाईंच्या हाती होता, हे खरे. परंतु मोकदमास इनाम चालवण्याची आज्ञा पेशव्यांच्या हुजुरातूनच येई असे नाही. ती सरदाराकडून, पंत सचिवांसारख्या मुत्सद्द्याच्या दप्तरातून किंवा परगण्याच्या अधिकाऱ्याकडूनही येऊ शकते, आणि वहीत तर आज्ञा करणाऱ्याचे नावच उतरलेले नाही. तारखेवरून शिक्क्याचा धनी ठरवणे म्हणजे पत्रावरील तारीख वाचून सही कोणाची ते सांगण्यासारखे आहे. हा प्रश्न फोटो येईपर्यंत थांबला पाहिजे.

अनिकेत_भोर

सहाशेचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. मी आजवर सरसकट ५९९ मिळवत आलो, त्यामुळे माझ्या स्वतःच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागतील. पण शिक्क्याच्या बाबतीत संभाव्यता तरी सांगायला काय हरकत आहे? वाई हा पेशव्यांच्या काळात महत्त्वाचा भाग होता, त्यामुळे ‘बहुधा पेशव्यांचा’ असे म्हटले तर प्रश्न विचारणाऱ्याला काहीतरी हाती लागते.

जुने_दप्तर

मेघनाताईंच्या नावात वाई आहे, पण कागदातले गाव वाईचे आहे असे त्यांनी कोठेही लिहिलेले नाही. आणि ‘बहुधा’ हा शब्द कागदाच्या बाबतीत फार लवकर गळून पडतो. आज मी ‘बहुधा पेशव्यांचा’ लिहिले तर उद्या घरच्या वंशावळीत ‘पेशव्यांची सनद’ असे शीर्षक चढेल, आणि मग खरा फोटो आला तरी ते कोणी पुसणार नाही. अशा दोन-तीन वंशावळी मी स्वतः दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला आहे आणि त्यात मला यश आलेले नाही. म्हणून ही जागा कोरी ठेवलेली बरी.

प्रभाकर_सांगली

आमच्याकडेही अशीच सनद आहे, ग्रामदैवताच्या दिवाबत्तीसाठी दिलेली. तलाठी कार्यालयात दाखवली तर ती वाचायलाच कोणी नाही. मेघनाताई, तुमची सनद सापडली आहे तर त्या साडेबारा बिघ्यांवर अर्ज करून टाका. जमीन परत मिळते, एका परिचितांना मिळाली आहे.

जुने_दप्तर

प्रभाकरराव, आपले प्रकरण देवस्थान इनामाचे दिसते आणि ते वेगळे आहे. मुंबई राज्यात वैयक्तिक इनामे रद्द करणारा कायदा १९५२ साली झाला, आणि देवस्थान इनामे त्यातून वगळलेली आहेत. मेघनाताईंच्या वहीतल्या मजकुरात देवाचा, दिवाबत्तीचा किंवा चाकरीचा उल्लेख नाही, पण दोन ठिकाणी नावे गाळलेली असल्यामुळे इनाम व्यक्तीला होते की आणखी कशाला, हे मी ठरवू शकत नाही. कसेही असले तरी केवळ सनद सापडली म्हणून जमीन परत येत नाही. गेल्या शंभर वर्षांतले फेरफार आणि सातबारा वकिलाला दाखवल्याशिवाय त्या दिशेने पाऊल टाकू नये. याहून अधिक सांगण्याचा माझा अधिकार नाही.

आता बिघ्यांकडे येतो, कारण हा भाग वहीवरून बराच तपासता येतो.

मोडी हिशेबात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा आणि तीन म्हणजे पाऊण. त्यामुळे ‘१२॥’ म्हणजे साडेबारा हे आपले वाचन योग्य आहे. एका बिघ्याचे वीस पांड आणि एका पांडाच्या वीस काठ्या या मोजणीने ते बारा बिघे दहा पांड होतात, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चाहूर धरला तर चाहूरच्या दहाव्या हिश्शाहून थोडे जास्त. मात्र काठीची लांबी सगळीकडे सारखी नसे, म्हणून आजच्या एकरात त्याचे नेमके रूपांतर करण्याचा आग्रह धरू नये. ते गावच्या जुन्या मोजणीशी ताडूनच करावे लागते.

शंका एवढीच की त्याच दोन रेघा संक्षेपाची खूण म्हणूनही येतात, जशा आपल्याच कागदात ‘सु॥’ मध्ये आल्या आहेत, आणि दोन रेघा तीन होत्या का हेही वहीवरून कळत नाही. पण येथे कागदानेच आपल्याला मदत केली आहे. थळवार तपशील पाहा: वडाचे थळ साडेसात आणि ओढ्याचे थळ पाच. त्यांची बेरीज साडेबारा येते आणि ती वरच्या आकड्याशी जुळते. एकूण पावणेतेरा असते आणि आजोबांची एक रेघ सुटली असती, तर थळांची बेरीज जुळली नसती. दोन्ही ठिकाणी सारखीच चूक झाली असेल ही शक्यता उरते, पण ती फार थोडी आहे. म्हणून बिघ्यांचे उत्तर मी फोटोशिवायही जवळजवळ पक्के मानतो, आणि फोटो आल्यावर केवळ एकदा नजर टाकीन.

मेघना_वाई

जुने_दप्तर सर, आपले मनापासून आभार. काकांशी बोलले आहे, त्यांनी दुकानात द्यायला ठेवलेला कागद परत घरात आणला आणि माझ्यावर थोडे रागावलेही, कारण पैसे आगाऊ दिले होते. फोटो माझ्या भावाच्या फोनमध्ये होता आणि त्याने पाठवलेली प्रत उघडतच नाही. भाऊ आता परगावी आहे. काकांकडे साधा फोन आहे. मी स्वतः दोन आठवड्यांनी गावी जाणार आहे, तेव्हा नवीन फोटो काढीन.

आपण ‘सबैन’ बरोबर उतरले आहे या अटीबद्दल लिहिलेत म्हणून मी वही पुन्हा नीट पाहिली. मला आधी हे सांगायला हवे होते. ‘सबैन’ या शब्दावर आजोबांनी पेन्सिलीने बारीक प्रश्नचिन्ह काढले आहे आणि समासात ‘सितैन?’ असे लिहिले आहे. ‘खमस’वर अशी खूण नाही. यामुळे काही बदलते का?

जुने_दप्तर

ताई, यामुळे बरेच बदलते, आणि आपण ते सांगितले हे फार चांगले झाले. आपल्या आजोबांना मी नमस्कार करतो. ज्या वाचकाला स्वतःची शंका समासात नोंदवून ठेवण्याची सवय असते, त्याच्या बाकीच्या वाचनावरही विश्वास ठेवता येतो.

सितैन म्हणजे साठ. तसे असेल तर सन ११६५ होतो, आणि ते वर्ष जून १७६४ ते जून १७६५ असे पडते. आता मोहरम पुन्हा शोधायला हवा. या वेळी तो हिजरी ११७८ चा आहे आणि गणिताने १ जुलै १७६४ ला सुरू होतो. म्हणजे मोहरम शुहूर वर्षाच्या अखेरीस नसून आरंभीच आला, आणि या वेळी मिळवायचे ते ५९९. नववा चंद्र म्हणजे ९ जुलै १७६४ च्या आसपास. एका शब्दाच्या फरकाने कागद दहा वर्षे आणि आठ महिने मागे जातो आणि सवाई माधवरावांच्या काळातून उचलला जाऊन थोरल्या माधवरावांच्या काळात जाऊन बसतो. काल मी जे उत्तर दिले ते आता मी मागे घेत नाही, पण त्याचे स्वरूप बदलतो: तारीख १२ मार्च १७७५ किंवा ९ जुलै १७६४ यांपैकी एकीच्या आसपासची, आणि निवड कागद पाहिल्यावर.

कृष्णाकाठ

कागदावर वार लिहिलेला असेल तर त्यावरून निवड करता येणार नाही का? माझ्या आजीच्या पत्रिकेची तारीख आम्ही तशीच ठरवली होती.

जुने_दप्तर

विचार योग्य दिशेचा आहे. पण वहीत वार नाही, आणि असता तरी या ठिकाणी तो कामी आला नसता. १२ मार्च १७७५ ला रविवार येतो आणि ९ जुलै १७६४ ला सोमवार. चंद्रदर्शनामुळे एक दिवस इकडेतिकडे होऊ शकतो हे धरले तर रविवार आणि सोमवार दोन्ही तारखांना बसतील. शके किंवा संवत्सराचे नाव असते तर प्रश्नच उरला नसता, पण तेही या मजकुरात नाही.

मजकुरात एक धागा आहे, तो ‘कैलासवासी रावसाहेब’ हा. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला वारले आणि त्यांचा उल्लेख रावसाहेब असा होत असे. हे रावसाहेब तेच असतील तर कागद त्यानंतरचा ठरतो आणि ‘सबैन’ला बळ मिळते. मात्र हे रावसाहेब पेशवेच असतील असे कशावरून? एखाद्या सरदाराच्या दप्तरातून निघालेल्या कागदात तो उल्लेख त्याच्या स्वतःच्या वडिलांचा असू शकतो, आणि ‘राव’ म्हणून १७४० मध्ये वारलेल्या बाजीरावांकडे बोट दाखवणाराही कोणी भेटेल. म्हणजे हा धागा शिक्क्याच्या प्रश्नाला बांधलेला आहे. शिक्का पेशव्यांचा निघाला तर रावसाहेब ओळखता येतील आणि त्यावरून सन ठरवता येईल. शिक्का दुसऱ्याचा निघाला तर हा आधार सुटतो आणि केवळ त्या एका शब्दाच्या अक्षरांवर विसंबावे लागते. माझा कल सबैनकडे आहे, पण कलाला मी उत्तर म्हणणार नाही.

अनिकेत_भोर

मग निदान हा कागद अस्सल आहे की नक्कल, एवढे तरी मजकुरावरून कळेल ना? ‘मोर्तब सुद’ असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणजे मोर्तब झालेले आहे, म्हणजे अस्सल.

जुने_दप्तर

येथेच सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मजकुरातले हे वाक्य पुन्हा वाचा: ‘या पत्राची प्रत लिहून घेऊन हे पत्र मशारनिल्हे यांजवळ भोगवटियास परतोन देणे.’ याचा अर्थ असा की गावच्या दप्तरात याची नक्कल उतरवून ठेवावी आणि अस्सल पत्र इनामदाराला परत द्यावे. म्हणजे कागद तयार झाला त्याच वेळी त्याच शब्दांच्या किमान दोन प्रती होणार हे कागदच सांगतो. नक्कल करणारा इमानाने शेवटचे ‘मोर्तब सुद’ सुद्धा उतरवतो. पुढे इनामांची चौकशी झाली, १८५२ च्या अकराव्या कायद्याने ती अधिक कडक झाली, आणि पुष्कळ घराण्यांनी कागद दाखल करताना आणखी नकला करून घेतल्या. या सगळ्या प्रतींतला मजकूर अक्षरशः एकच असतो. त्यामुळे वहीतल्या मजकुरावरून अस्सल आणि नक्कल यांतला भेद करणे अशक्य आहे, तो कितीही वेळा वाचला तरी.

भेद दिसतो तो कागदावर. अस्सल पत्रावर शिक्का शाईने उमटवलेला असतो आणि त्याच्या कडा दाबाप्रमाणे कोठे गडद, कोठे पुसट असतात. नकलेत त्या जागी हाताने वर्तुळ काढून आत ‘शिक्का’ असा शब्द लिहिलेला आढळतो. मेघनाताईंनी ‘गोल शिक्का आहे’ असे लिहिले आहे, पण तो उमटवलेला आहे की काढलेला, हे त्या वाक्यावरून कळत नाही.

मजकुरावरून एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते. ‘कैलासवासी रावसाहेब यांचे वेळेचे सनदेप्रमाणे चालत आली आहे’ असे असल्यामुळे हे पहिले दानपत्र नव्हे, आधीच्या सनदेवरून पुढे चालवण्याची आज्ञा आहे. म्हणजे याच्या आधीची एक सनद होती, आणि ती घरात, नात्यात किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तरात शोधण्यासारखी आहे.

मेघना_वाई

आधीची सनद असेल हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हते. काकांशी संध्याकाळी पुन्हा बोलले. मला फोटो पाठवता येत नाही, पण काकांना डोळ्यांनी पाहून फोनवर काही सांगता येईल का? त्यांना मोडी येत नाही.

जुने_दप्तर

येईल, आणि दोन गोष्टींसाठी मोडी येण्याची गरजही नाही. पहिली अशी की कागदाचा जेवढा भाग सहज उलगडतो तेवढाच दिवसा खिडकीच्या उजेडासमोर हलक्या हाताने धरावा आणि त्यात पाण्यासारखी फिकट इंग्रजी अक्षरे किंवा आकडे दिसतात का ते पाहावे. विलायती कागदात गिरणीचे नाव आणि कधी कधी वर्षही असे आतच उमटवलेले असे. तसे वर्ष दिसले आणि ते एकोणिसाव्या शतकातले असले, तर हा कागद नक्कल आहे हे शिक्का न पाहताही ठरेल. काही न दिसले तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. देशी हातकागदावर नक्कलही होतेच.

दुसरी गोष्ट म्हणजे शिक्क्याच्या वर्तुळात अनेक ओळींची बारीक अक्षरे आहेत की एकच शब्द आहे, एवढेच त्यांनी सांगावे.

मेघना_वाई

काकांनी आज सकाळी पाहिले. उजेडासमोर धरल्यावर इंग्रजी काहीही दिसत नाही, पण कागद सगळीकडे सारखा नाही, त्यात तंतूंसारखे काही दिसते, असे ते म्हणाले. शिक्क्यात ‘चार-पाच ओळी आहेत, पण मध्ये घडी पडल्यामुळे झिजल्या आहेत’ असे त्यांचे शब्द आहेत. शेवटीही एक छोटा शिक्का आहे, असे त्यांनी आपणहून सांगितले. तो माझ्या लक्षात नव्हता आणि वहीतही त्याची नोंद नाही.

जुने_दप्तर

ही माहिती फार मोलाची आहे, आणि काकांनी न विचारता छोट्या शिक्क्याबद्दल सांगितले याबद्दल त्यांना माझा नमस्कार कळवा. शिक्क्यात ओळी आहेत म्हणजे हाताने ‘शिक्का’ लिहिलेली साधी नक्कल नसावी. शेवटचा छोटा शिक्का हा मोर्तबाचा असू शकतो. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढवू नये, यासाठी तो करीत. पेशव्यांच्या पत्रांवर त्यात ‘लेखनसीमा’ अशी अक्षरे असतात. काकांना मी ती वाचायला सांगत नाही, कारण मी आताच शब्द सुचवला तर तोच दिसू लागेल. आपणही फोटो काढण्यापूर्वी त्यांना हा शब्द सांगू नये.

गावी गेल्यावर प्रथम संपूर्ण कागद एका फोटोत घ्या, कडेला मोजपट्टी ठेवून. नंतर वरून खाली तुकड्यातुकड्यांनी घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या दोन ओळी पुन्हा येतील असे. फ्लॅश लावू नका. सावलीतला दिवसाचा उजेड पुरतो. सनाची ओळ दोनदा घ्या, एकदा समोरून आणि एकदा उजेड एका बाजूने तिरका पडेल असा, कारण झिजलेल्या शाईखाली बोरूचा ओरखडा तिरक्या उजेडात दिसतो, आणि ‘सबैन’ की ‘सितैन’ हे त्यावरूनच ठरण्याची शक्यता आहे. दोन्ही शिक्के असेच घ्या. आणि कागदाची पाठ विसरू नका. बंद जोडलेले असतील तर जोडावर मागून उमटवलेला शिक्का असतो, आणि ‘सुरू सूद’, ‘बार’ असे दप्तरातले शेरेही असू शकतात. आजोबांनी वहीत छोटा शिक्का नोंदवलेला नाही, यावरून त्यांनी पाठही उतरवली नसेल असे मला वाटते.

प्रभाकर_सांगली

माझ्या सनदेच्या मागे दोन ओळी आहेत आणि त्या आम्ही कधी कोणाला दाखवल्याच नाहीत. मी पुढच्या आठवड्यात वेगळा धागा काढून फोटो टाकतो, आणि आधी दिसतो आहे का ते तपासतो.

मेघना_वाई

तिकीट काढले आहे, येत्या वीस तारखेला पोहोचेन. तोपर्यंत वहीच्या त्या पानावर मी पेन्सिलीने असे लिहून ठेवले आहे: “बिघे साडेबारा, बेरीज जुळते. आधीची सनद होती. सन ११७५ किंवा ११६५, कागद पाहून. शिक्का कोणाचा, अस्सल की नक्कल, कागद पाहून.” आजोबांच्या प्रश्नचिन्हाखालीच जागा होती.

जुने_दप्तर

त्यात एकच भर घाला: ‘छोटा शिक्का, वहीत नोंद नाही, काकांनी सांगितले’, आणि पुढे आजची तारीख.